वाचनालयाचा रॅम्प, नोंद तिसरी: १२ अंश म्हणजे १:१२ नव्हे

मागच्या नोंदीत टाकलेला रेंडर मी मोडीत काढलाय. काळ्या दगडाचं जोतं, चार पायऱ्या आणि शेजारून चढणारा रॅम्प असं ते तालुक्याच्या वाचनालयाचं दर्शनी चित्र. प्रकाश छान पडला होता, दगडाचं टेक्स्चर जमलं होतं, रेलिंगचं स्टील चकाकत होतं. फक्त त्या रॅम्पवरून व्हीलचेअर चढली नसती.

चूक अगदी बाळबोध होती. डोक्यात "बारा" हा आकडा घट्ट बसलेला, म्हणून ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रॅम्पचा स्लॅब १२ अंशांनी फिरवला. १:१२ म्हणजे १ मीटर चढायला १२ मीटर आडवी लांबी, आणि त्याचा कोन भरतो जेमतेम ४.७६ अंश. १२ अंशांचा उतार होतो जवळपास १:४.७, म्हणजे हव्या त्याच्या अडीचपट उभा. गंमत अशी की चित्रात तो खटकला नाही, मलाही नाही आणि बघणाऱ्यांनाही नाही. दुकानांपुढचे, बँकांपुढचे स्कूटर चढवायला केलेले उतार बघून आपली नजर इतकी बिघडलीय की रॅम्प म्हटलं की तोच कोन डोळ्यांपुढे येतो. खरा १:१२ पहिल्यांदा उभा केला तेव्हा वाटलं, हा तर सपाटच आहे.

पण सपाट दिसणारा रॅम्प जागा खातो. जोतं ६०० मिमी, म्हणजे १५० च्या चार पायऱ्या. १:१२ ने ७.२ मीटर नुसता उतार लागतो आणि वाचनालयापुढे एवढी सरळ लांबी नाही. म्हणून दोन तुकडे केले. प्रत्येक ३.६ मीटर लांब, ३०० मिमी चढणारा, मध्ये उलट वळण घेणारं १.५ मीटर खोल लँडिंग. पहिला तुकडा रस्त्याच्या बाजूने, दुसरा त्याला समांतर, भिंतीलगत परत येऊन दारापुढच्या ओट्याला मिळतो. १:१२ ही कमाल मर्यादा आहे, आदर्श नव्हे. आपल्याकडच्या २०२१ च्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत आणि अमेरिकेच्या २०१० च्या एडीए या सुगम्यता मानकांतही नव्या बांधकामातला रॅम्प याहून उभा चालत नाही. जागा असती तर मी १:१५ घेतला असता.

या वेळी स्लॅब फिरवला नाही. फिरवला की त्याची टोकंही तिरपी होतात आणि लँडिंगला टेकताना वर फट, खाली घुसखोरी होते. सरळ ३.६ मीटरचा आडवा ठोकळा घेतला आणि एडिट मोडमध्ये एका टोकाचे वरचे व्हर्टेक्स `G Z 0.3` ने उचलले. टोकं उभीच राहतात, आडवी लांबी नेमकी ३.६ राहते. मग ऑब्जेक्ट मोडमध्ये परत येऊन खात्रीसाठी हा तुकडा चालवला:

```python
import bpy
ob = bpy.context.object
for p in ob.data.polygons:
    n = p.normal
    if n.z > 0.5 and n.xy.length > 1e-4:
        print(p.index, round(n.z / n.xy.length, 2))
```

उताराच्या पृष्ठासाठी 12.0 छापून आलं पाहिजे. मला आधी 9.6 आलं. कारण ठोकळ्याचं स्केल अप्लाय केलेलं नव्हतं, आणि हे नॉर्मल ऑब्जेक्टच्या स्वतःच्या मापात मोजले जातात. ऑब्जेक्ट मोडमध्ये `Ctrl+A` करून स्केल आणि रोटेशन पक्कं केलं, मग आकडा बरोबर आला.

आता रेलिंग. सगळा शनिवार यातच गेला. दोन उंचीचे पाइप ठेवलेत, वरचा उताराच्या पृष्ठापासून ९०० मिमीवर आणि खालचा ७०० वर. पाइप कर्व्हने केले आणि `Bevel Depth` मध्ये 0.04 टाकलं, कारण मला ४० मिमीचा पाइप हवा होता. ती त्रिज्या असते. पाइप ८० मिमीचा झाला, मुठीत न मावणारा. एकदा लक्षात आल्यावर जुन्या चित्रातही तोच जाडजूड पाइप दिसायला लागला. 0.02 केल्यावर रेलिंग हाताला धरावंसं वाटलं. कर्व्हचे हँडल ऑटोमॅटिक ठेवू नका, वळणाजवळ पाइप हळूच फुगतो किंवा झोल खातो आणि उंची बदलते. व्हेक्टर हँडल ठेवून कोपऱ्यांना छोटी गोलाई दिली.

खांबांची युक्ती मात्र मला फार आवडली. खांब उताराला काटकोनात नव्हे, ओळंब्यात उभे हवेत. कर्व्हवर ॲरे बसवला की ते उताराबरोबर कलतात. त्याऐवजी एकच खांब करून ॲरेच्या `Constant Offset` मध्ये X ला 1.2 आणि Z ला 0.1 दिलं. १.२ मीटर पुढे गेलं की १०० मिमी वर, हा १:१२ च झाला. ३.६ मीटरमध्ये तीन गाळे, चार खांब, शेवटचा बरोबर लँडिंगच्या कडेला.

दोन उतारांच्या मधल्या भिंतीवर मात्र ही युक्ती आपटली. आधी वाटलं होतं, मधे एकच रेलिंग दोन्हीकडून चालेल. चालत नाही. पायथ्याशी खालचा उतार शून्यावर असतो तेव्हा शेजारचा वरचा उतार ६०० वर असतो. त्याच्या कडेला चाक घसरू नये म्हणून १०० मिमीचा कठडा आहे, म्हणजे मधली भिंत तिथे ७०० पर्यंत येते. खालच्या रेलिंगचा ७०० चा पाइप नेमका तिच्या माथ्यात घुसत होता. वळणाकडे जाताना उलट होतं, भिंत खाली उतरते, पाइप वर चढतो आणि वळणापाशी दोघांत ६०० मिमीचं अंतर पडतं. भिंतीवर खांब रोवले तर प्रत्येक खांब वेगळ्या लांबीचा करावा लागतो.

शेवटी खालच्या उताराचं आतलं रेलिंग भिंतीवरून काढलं आणि त्याचे खांब उताराच्याच पृष्ठावर, भिंतीला लागून उभे केले. पाइप आणि त्यामागची बोटांसाठीची मोकळी जागा मिळून साधारण १०० मिमी गेले, म्हणून खालचा उतार १३०० रुंद केला. मोकळे १२०० रेलिंगच्या आतून मोजायचे असतात, भिंतीच्या आतून नव्हे. वरच्या उताराचे पाइप कठड्याच्या माथ्यावर मधोमध आहेत, त्याला १२०० पुरले. वळणापाशी दोन्ही आतले पाइप एकाच उंचीवर येतात, तिथे ते भिंतीच्या टोकाला वळसा घालून जोडले. हात सुटत नाही. बाकीच्या मोकळ्या टोकांना पाइप ३०० मिमी आडवा पुढे काढून खाली वळवलाय, म्हणजे बाही अडकत नाही.

दाराच्या ओट्यावर मी निश्चिंत होतो. १.५ बाय १.५ मीटर ठेवलं होतं, १.५ मीटर व्यासाचं वायरफ्रेम सिलिंडर ठेवून तपासलंही होतं. आत्याला चित्र दाखवलं. ती गेली सहा वर्षं खुर्चीवर आहे. तिने चष्मा वर सरकवला आणि म्हणाली, "अरे, हे दार बाहेर उघडतंय ना? मग ते ओढताना मी मागे कुठं जाऊ, त्या उतारावर?"

सिलिंडरने दाराची फळी मोजलीच नव्हती. ९०० मिमीची फळी बाहेर आली की ओटा निम्म्याहून जास्त भरतो आणि खुर्चीला मागे सरकायला उतारच उरतो. ओटा आता २.४ मीटर खोल केलाय, म्हणजे फळीचा फेरा सोडून १.५ मीटर शिल्लक राहतात. कडीच्या बाजूला ६०० मिमी भिंत मोकळी ठेवलीय, तिथे खुर्ची तिरकी लावून कडी गाठता येते. "आता येईन मी," एवढंच ती म्हणाली.

कॅमेऱ्याने पण छळलं. आधीचा रेंडर १८ मिमी लेन्सने, कोपऱ्यातून घेतला होता. त्यात सगळ्याच रेषा तिरप्या पळतात, कुठली पर्स्पेक्टिव्हमुळे आणि कुठली उतारामुळे हे कळत नाही. चुकीचा कोन लपला तो यामुळेही. आता ५० मिमी लेन्स, साडेबारा मीटरवरून, जवळजवळ समोरून. जोत्याच्या दगडांचे थर २०० मिमीचे, एकूण तीन. उताराची कडा त्या आडव्या सांध्यांना कापत जाते, २.४ मीटरमध्ये एक थर. बघणारा न मोजताही ते वाचतो.

कॅमेरा मी बसलेल्या माणसाच्या नजरेला, १.२ मीटरवर ठेवला होता, आणि रॅम्पचं पृष्ठच गायब झालं. एवढ्या लांबून, एवढ्या खालून बघताना १०० मिमीचा पुढचा कठडा जवळजवळ सगळा उतार झाकतो. कॅमेरा २.६ मीटरवर नेला, सरळच ठेवला आणि चौकट `Shift Y` ने खाली आणली. खांब ओळंब्यात राहिले आणि उताराचं निम्म्याहून जास्त पृष्ठ दिसायला लागलं. पॉलिश केलेला कोटा काढून तिथे आडव्या झाडूरेघांचं काँक्रीट दिलंय, रफनेस ०.७५. ओलं दिसणारं चकचकीत पृष्ठ चित्रात सुंदर येतं, पण त्यावर कुणी चाक घालणार नाही.

पायथ्याचा प्रश्न अजून लोंबकळतोय. आत्या म्हणाली, "खरं वाटायला हवं असेल तर रॅम्पच्या तोंडाशी एक स्कूटर लाव." ती लावू नये म्हणून मी मधोमध १०० मिमीचा लोखंडी खांब रोवून पाहिला. १२०० मधून दोन्ही बाजूंना साडेपाचशे उरतात. स्कूटर अडते खरी, पण आत्याची खुर्ची ६५० मिमीची आहे. खांब काढला. सध्या तिथे १.५ मीटरचा सपाट चौकोन पिवळ्या तिरप्या पट्ट्यांनी रंगवलाय.