गोव्यात राहणारी आजी आणि ‘आंबाचे झाड’

डिचोली तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळेत मी आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या, त्यामुळे माझ्या मुलाने इंग्लंडमधल्या लेस्टरहून फोन करून ‘आई, तुझ्या नातवाचा मराठीचा गृहपाठ तू तपासशील का’ असे विचारले तेव्हा हे काम मला फारच सोपे वाटले होते. नातू दहा वर्षांचा आहे आणि दर रविवारी सकाळी तिथल्या काही मराठी कुटुंबांनी चालवलेल्या वर्गाला जातो. आमची शनिवारची वेळ ठरली, त्याच्याकडे दुपारचे चार आणि माझ्याकडे रात्रीचे साडेआठ. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास मागे जातात आणि मग मार्चअखेरपर्यंत मला साडेनऊपर्यंत जागावे लागते, हे मला पहिल्या हिवाळ्यात फोनची वाट पाहत बसल्यावर कळले.

पहिली अडचण व्याकरणाची नव्हती, अनुस्वाराची होती. नातू वही फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरायचा. त्याच्या पडद्यावर त्याला अक्षरे उलटी दिसत, म्हणून तो कुरकुरायचा. माझ्याकडे ती सुलटीच येत, पण चित्र पुसट होते आणि पेन्सिलीने दिलेले बारीक टिंब त्यात हरवून जाई. ‘मी आबा खाल्ला’ असे वाक्य मला दिसले. तो आपल्या आजोबांना आबा म्हणतो. मी त्याला चांगलेच रागावले, आणि त्याने शांतपणे वही कॅमेऱ्याला चिकटवून टिंब दाखवले. मी त्याची क्षमा मागितली, आणि तेव्हापासून नियम असा आहे की वहीचा फोटो मागच्या कॅमेऱ्याने, खिडकीजवळच्या उजेडात काढून अर्धा तास आधी पाठवायचा. तो मजकूर मी माझ्या वहीत जसाच्या तसा, चुकांसकट उतरवून घेते. हाताने उतरवताना चूक जितकी स्पष्ट जाणवते तितकी नुसती वाचताना जाणवत नाही, ही माझी जुनी सवय.

‘आजीचे घर’ या निबंधाचा फोटो आला तेव्हा मात्र मी विचारात पडले. त्यात लिहिले होते: ‘घरच्या मागे आंबाचे झाड आहे. झाडच्या खाली मांजर बसते. मी मांजरला दूध दिला.’ शब्द सगळे बरोबर होते, पण एकाचेही सामान्यरूप झालेले नव्हते. प्रत्यय लागण्यापूर्वी शब्द आपले रूप बदलतो, ‘घर’चे ‘घरा’ आणि ‘आंबा’चे ‘आंब्या’ होते, ही पायरीच त्याच्या लेखनात नव्हती. कारण शोधायला वेळ लागला नाही. वर्गात त्याला शब्दांची यादी पाठ करायला दिली जात होती आणि शेजारी प्रत्ययांची दुसरी यादी होती. तो दोन्हींतून एकेक उचलून जोडत होता.

मी लाल पेन घेऊन ओळ न् ओळ दुरुस्त करून दाखवली असती, तर त्याने ती निमूटपणे उतरवून घेतली असती आणि पुढच्या शनिवारी तेच घडले असते. म्हणून मी विचारले, ‘बाबू, तू मे महिन्यात कुठे येणार?’ तो म्हणाला, ‘गोव्यात.’ ‘गोवात का नाही म्हणालास?’ तो हसला. गोवात असे कोणी म्हणते का! मग मी विचारले, ‘आणि इथे आल्यावर कसला रस मागतोस?’ आमच्या घरात बोलणे कोंकणीत आणि लिहिणे-वाचणे मराठीत, अशी रीत पिढ्यान् पिढ्या आहे, त्यामुळे तो सहज म्हणाला, ‘आंब्याचो रोस.’ म्हणजे कानाला जे येत होते ते हाताला येत नव्हते. कोंकणीतला आंबो आणि मराठीतला आंबा प्रत्यय लागताच दोघेही ‘आंब्या’ होतात, हे मी त्याला दाखवले. ‘दूध दिला’चेही तसेच झाले. आपण मुलगा आहोत म्हणून ‘दिला’, असा त्याचा हिशोब होता. ‘हांवें दूद दिलें’ हे वाक्य तोंडाने म्हणून पाहिल्यावर, देणारा कोण याकडे न बघता क्रियापद दुधाच्या मागे जाते, हे त्याचे त्यालाच उमगले. मराठीचा गृहपाठ कोंकणीच्या आधाराने करून घेते म्हणून माझ्या एका जुन्या सहकारी बाईंनी नाक मुरडले, पण माझ्या मते घरात असलेली शिडी वापरण्यात काही गैर नाही.

पुढच्या शनिवारी त्याने नियम अंगात भिनल्यासारखा सगळीकडे लावला होता. डब्यात, रस्त्यावर, घोड्याला, हे सारे अचूक होते. पण त्याखालोखाल ‘शाळ्यात’ आणि ‘माम्याला पत्र लिहिले’ असेही होते. मामा माझ्या शेजारीच बसला होता, तो इतका हसला की नातवाने रुसून फोन पालथा ठेवला. या चुका मला मात्र आवडल्या, कारण नुसते जोडकाम करणाऱ्या मुलाकडून त्या होत नाहीत. शाळा ‘ती’ आहे, म्हणून शाळेत. आंबा ‘तो’ आहे, म्हणून आंब्यात. तेव्हा प्रत्यय लावण्याआधी ‘तो, ती की ते’ हे विचारायचे, असे आम्ही ठरवले. मामा, काका, दादा ही नात्यांची नावे ‘तो’ असूनही बदलत नाहीत, राजाही बदलत नाही, आणि त्यांच्यासाठी वहीच्या शेवटच्या पानावर वेगळी यादी करावी लागली. ‘मांजरला’ बोलताना पुष्कळ लोक म्हणतात हे मी त्याच्यापासून लपवले नाही. निबंधात ‘मांजराला’ लिही, एवढेच सांगितले.

ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत मी एकच गोष्ट धरून ठेवली. दूध मध्ये दू दीर्घ, पण दुधात ऱ्हस्व. फूल पण फुलाचा, विहीर पण विहिरीत. शब्द पुढे वाढला की मागचा स्वर आखडतो, हे त्याला पटले. पूजेचा पू मात्र का आखडत नाही, या प्रश्नाला ‘तो शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला आहे’ हे उत्तर त्याला फारसे रुचले नाही. खरे सांगायचे तर माझ्या वर्गातल्या मुलांनाही ते कधी रुचले नव्हते.

एक प्रश्न त्याने असा विचारला की मी क्षणभर थांबले. गोवा गोव्यात होतो, पुणे पुण्यात होते, मग आपण ‘लेस्टरमध्ये’ का म्हणतो? मी सांगितले की परक्या गावांच्या नावांना आपण सहसा हात लावत नाही, मध्ये किंवा ला लावून मोकळे होतो. ज्या गावांत आपण पिढ्यान् पिढ्या राहिलो, त्यांची नावे तेवढी आपल्या तोंडात वळली. ‘मी तर इथेच जन्मलो,’ तो म्हणाला, आणि आईने हाक मारली म्हणून उठून गेला.

गेल्या शनिवारी आलेल्या फोटोत ‘माझे कुटुंब’ हा निबंध होता. दोन ठिकाणी वेलांटी चुकली होती, त्याखाली मी रेघ ओढली. शेवटचे वाक्य होते, ‘आजी गोव्यात राहते आणि मी लेस्टरात राहतो.’ ते मी माझ्या वहीत उतरवून घेतले आणि पेनाला टोपण लावले.