आठ दिवसांची चावी

रविवारी जेवणं उरकून मागचं आवरलं की मी फोनमधली कामांची यादी उघडते आणि एखाद्या जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर एक उभी आणि एक आडवी रेघ ओढते. पत्रिकेचा कागद जाड असतो, पेन झकास चालतं. शिवाय पत्रिका टाकवत नाही, तिचं काहीतरी होतं. चार घरं तयार होतात: घाईचं आणि महत्त्वाचं, नुसतंच महत्त्वाचं, नुसतंच घाईचं, आणि दोन्ही नसलेलं. ही घरं अमेरिकेचे एकेकाळचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या नावावर चालतात. १९५४ साली इव्हान्स्टनच्या भाषणात ते म्हणाले होते की घाईचं ते महत्त्वाचं नसतं आणि महत्त्वाचं ते कधी घाईचं नसतं. तेही त्यांनी एका माजी कॉलेज-अध्यक्षांचं म्हणून सांगितलं होतं. म्हणजे उसनवारी तिथपासूनच आहे.

एकदाच करायची कामं या घरांत मुकाट बसतात. छळतात ती पुन्हा पुन्हा येणारी. आज टिक केलं की पुढच्या तारखेला दारात हजर. आणि तारीख उलटली की फोनला सगळंच सारखं लाल दिसतं. पासबुकात एंट्री मारून आणणंही लाल, इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पाणी बघणंही तितकंच लाल. खरं तर ती घाई कामाची नसतेच, कधीतरी उत्साहाच्या भरात मीच टाकलेल्या तारखेची असते.

म्हणून रविवारी मी ‘हे कधी करायचं होतं?’ असं विचारत नाही. ‘मागच्या खेपेला राहिलं तेव्हा काय बिघडलं?’ असं विचारते. पासबुकाचं उत्तर सरळ आलं: काही नाही. पैसे गेले-आले की मेसेज येतो, बाकी अॅपात दिसतं, आणि मी मात्र दर महिन्याला रांगेत उभी राहून प्रिंटर बंद असल्याची पाटी वाचून यायचे. गेलं. पण घालवायचं तर मुळासकट घालवावं लागतं. नुसतं ‘या वेळी नको’ केलं तर ते पुढच्या महिन्यात उगवतंच. जे काम सलग तीनदा पुढे ढकललं गेलंय त्याचा निर्णय हातांनी केव्हाच घेतलेला असतो, तोंडानं कबूल करायचं तेवढं राहिलेलं असतं.

बॅटरीच्या बाबतीत मात्र हा प्रश्न चक्क फसवतो. मागच्या खेपेला पाणी बघायचं राहिलं तेव्हाही काही बिघडलं नाही. त्याच्या आधीही नाही. दिवे गेले, पंखे चालू राहिले. आत पाणी आटून प्लेटा उघड्या पडायला लागल्या तरी बाहेरून काही कळत नाही, आणि कळतं तेव्हा बॅटरी अर्ध्या तासात मान टाकायला लागलेली असते. मग कितीही डिस्टिल्ड वॉटर ओता, गेलेला दम परत येत नाही. तेव्हा अशा कामांना दुसरा प्रश्न: बिघडलं तर परत सुधारता येईल का? नाही, असं उत्तर आलं की ते काम दुसऱ्या घरात जातं आणि तिथून हलत नाही.

पण दर महिन्याला कशाला? बॅटरीच्या माथ्यावर सहा तरंगत्या काड्या असतात, एकेका सेलची एकेक. काडी खाली लाल खुणेशी आली की पाणी घालायचं, नाहीतर झाकण लावून उठायचं. उन्हाळ्यात दिवे सारखे जातात तेव्हा पाणी लवकर उतरतं, एरवी दोन-तीन महिने काडी जागची हलत नाही. माझ्या यादीच्या अॅपात, टुडूइस्टमध्ये, मी तिथे `every! 2 months` लिहिलंय. ते उद्गारवाचक चिन्ह फार कामाचं. ते नसेल तर पुढची तारीख ठरल्या तारखेपासून मोजली जाते, असेल तर काम खरोखर केलं त्या दिवसापासून. वीजबिलाला पहिली रीत, बॅटरीला दुसरी. सगळ्याच कामांना पहिली लावली की आज उशिरा केलेलं काम चार दिवसांनी पुन्हा लाल होऊन उभं राहतं.

वाईला आजोबांच्या ओटीवर टोल्यांचं घड्याळ होतं. आठ दिवसांची चावी. आजोबा ती सातव्या दिवशी द्यायचे, रविवारी, आंघोळ झाल्यावर. स्टूल आणायचं काम आम्हा नातवंडांचं, आणि त्यावरून भांडणं. काचेचं दार उघडलं की आतून तेलाचा आणि जुन्या लाकडाचा वास यायचा. किल्ली लंबकाच्या मागे खिळ्याला. तबकडीवर दोन भोकं, एक वेळेचं, एक टोल्यांचं, आणि आजोबा दोन्हींत कुर्र-कुर्र करत चावी भरायचे. शेवटचे दोन वेढे अगदी सावकाश, ताण हाताला लागेपर्यंत. ‘आठ दिवस चालतंय तर आठव्या दिवशी द्या की,’ असं माझ्या भावानं एकदा सुचवलं. ‘आठवा दिवस घड्याळाचा,’ आजोबा म्हणाले, ‘तो आपण खायचा नसतो.’ आता माझ्या यादीतल्या प्रत्येक ‘दर इतक्या दिवसांनी’कडे बघताना मी तो आठवा दिवस शोधते. गॅसच्या नळीची मुदत, विम्याचा हप्ता, सगळीकडे. पुढे सेलवरचं घड्याळ आलं तेव्हा ते काम आपोआप संपलं, कुणी यादी केली नव्हती. तरी आजोबा रविवारी स्टूल मागायचे आणि काच पुसायचे.

काही कामं संपवायची नसतात, झोपवायची असतात. कूलरच्या जाळ्या धुणं जूनमध्ये झोपतं, पण उठायची तारीख टाकूनच, फाल्गुनातली. तारीख न टाकता थांबवलेलं काम म्हणजे भीतभीत काढून टाकलेलं काम. कुंड्यांना पाणी घालणंही पावसाळ्यात झोपवता येतं, फक्त कठड्यावरच्या कुंड्यांचं. छज्ज्याखालच्या कुंड्यांवर एक थेंब पडत नाही, बाहेर धो-धो कोसळत असतो आणि आत मोगरा वाळतो. बोट दोन पेरं मातीत खुपसायचं, कोरडं निघालं तर पाणी.

हे सगळं चालू असताना सासूबाई शेजारी वाती वळत होत्या. पत्रिकेवर नजर टाकून म्हणाल्या, ‘तुळशीला पाणी? हे लिहावं लागतं का गं?’ खरंच लागत नव्हतं. सकाळी चहाचं आधण ठेवलं की हात तांब्याकडे जातोच. ते यादीतून काढलं, करणं तसंच आहे. यादीतून काढणं आणि आयुष्यातून काढणं वेगळं, हे लक्षात आल्यापासून पत्रिका बरीच मोकळी झाली.

राहिला ‘मावशीला फोन’. घाई शून्य. राहिला तर कुणी विचारायला येत नाही, मावशी तर मुळीच नाही. सासूबाईंच्या कसोटीवर लावला तर माझा हात आपणहून फोनकडे जात नाही, हेही खरं. आणि यादीत ठेवला की मी टिक मारायला फोन करते, तब्येत विचारते, गोळ्या विचारते, पाऊस विचारते. यादीत नसला तर करतच नाही. बराच वेळ पेन हातात धरून बसले. मग ठेवला, रविवार, पाच वाजता.

मावशीला यादीबिदी काही ठाऊक नाही. पण हल्ली ती ‘हॅलो’ म्हणत नाही. फोन उचलते आणि विचारते, ‘काय गं, पाच वाजले वाटतं?’