काना गेला, म गेला, पाय मोडायचं बटण गेलं

प्रोजेक्ट लिहिताना एका रात्री लॅपटॉपची चार बटणं मेली आणि मी विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे तिच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, फेरफार करून काम भागवलं. हे सांगितलं की ऐकणारा म्हणतोच:

“अगं, बाहेरचा यूएसबी कीबोर्ड लावायचास ना! चारेकशे रुपयांत मिळतो. नाहीतर मोबाइलवर टाइप करायचंस. त्यासाठी रजिस्ट्रीत हात घालून एवढं रामायण कशाला?”

मिळतो ना. दुपारी मिळतो. रात्री साडेअकराला, हॉस्टेलचं गेट बंद झाल्यावर कुठे मिळतो ते सांगा. आमच्या मजल्यावर सगळ्यांकडे लॅपटॉप होते, सुटा कीबोर्ड एकीकडेही नव्हता. कॉम्प्युटर लॅबला कुलूप. आणि मोबाइलचं म्हणाल तर मी तोही प्रयोग केला होता. माझा प्रोजेक्ट मालवणच्या मासेमारीतल्या शब्दांवर होता. बोलून टाइप करायला गेले, तर ‘रापण’चं, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचं, मोबाइलने ‘रावण’ केलं. रामायण तिथूनच सुरू झालं म्हणा हवं तर.

नक्की काय बिघडलं होतं, हे कुणी विचारत नाही. चहा सांडला असणार असं गृहीत धरतात. सांडला नव्हता. निष्कर्षाचं प्रकरण लिहीत होते आणि ‘समुद्राकाठची माणसं’ असं टाइप केलं, तर पडद्यावर उमटलं ‘सुदरकठची सं’. आधी वाटलं भाषा बदलली गेली. इंग्रजी करून पाहिलं, तर e, d, c आणि 3 ही चारच बटणं मुकी. बाकी सगळी ठणठणीत.

मी इनस्क्रिप्ट मांडणीने टाइप करते. त्यात e वर काना, d वर पाय मोडायचं चिन्ह आणि c वर म असतो. शिफ्ट दाबलं की त्याच बटणांवर आ, अ आणि ण. म्हणजे इंग्रजीत तीन अक्षरं गेली असली, तरी मराठीतून काना, जवळपास सगळी जोडाक्षरं, म, ण, आ आणि अ एका फटक्यात गेले. ‘रापण’ लिहायला गेलं की ‘रप’ एवढंच उरायचं.

चारच का, आणि हीच का? ती कीबोर्डवर वरून खाली एका तिरक्या रेषेत आहेत ते बघा. प्रत्येक बटणाला स्वतंत्र तार नसते. आत प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यांवर उभ्याआडव्या रेघांची जाळी छापलेली असते, आणि बटण दाबलं की एक उभी व एक आडवी रेघ एकमेकींना टेकते. कुठली जोडी टेकली त्यावरून अक्षर ओळखलं जातं. एक रेघ तुटली की तिच्यावरची बटणं एकदम जातात. सॉफ्टवेअरचं दुखणं असं नेमक्या ओळीत येत नाही. उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबून राहिलं आणि ‘फिल्टर कीज’ सुरू झालं, तर सगळाच कीबोर्ड सुस्तावतो, चार बटणं नाही. हे तेव्हा मला अर्धंमुर्धंच कळलं होतं, पण ड्रायव्हर उडवून परत टाकण्यात रात्र घालवू नये एवढं नक्की कळलं.

तरी शेजारच्या खोलीतल्या मुलीने सांगितलं, “रीस्टार्ट कर.” सगळे तेच सांगतात. केलं. आणि लॉगिनच्या पडद्यावर आल्यावर आठवलं की माझ्या पासवर्डमध्ये दोन e आणि एक d आहे.

आत सगळा प्रोजेक्ट, आणि मी दाराबाहेर. पाच मिनिटं नुसती बसून होते. मग उजव्या कोपऱ्यात खाली ते माणसाचं छोटं चिन्ह दिसलं, ज्यावर मी जन्मात कधी क्लिक केलं नव्हतं. त्यात ‘ऑन-स्क्रीन कीबोर्ड’ असतो. माउसने एकेक अक्षर टिचकावत आत शिरले. (आत गेल्यावर तो Win + Ctrl + O ने येतो, आणि o शाबूत होता.)

“मग त्याच्यावरच का नाही लिहिलंस?” हा पुढचा प्रश्न ठरलेला. मराठीचं कुठलंही पान घ्या आणि त्यातले काने मोजा. प्रत्येक कान्याला हात माउसवर, मग परत बटणांवर. अर्धं पान तसं लिहिलं आणि मनगट भरून आलं. निष्कर्ष, परिशिष्ट आणि शब्दसूची बाकी होती.

तेव्हा मेलेल्या बटणांची कामं जिवंत बटणांना द्यायचं ठरवलं. मराठी लिहिताना z आणि ] मला जवळपास लागतच नाहीत, कॅप्स लॉक तर कधीच नाही. इनस्क्रिप्टमध्ये स्वरचिन्हं डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला असतात, त्यामुळे हात आळीपाळीने चालतात. ती लय मोडू नये म्हणून काना कॅप्स लॉकवर नेला, पाय मोडायचं चिन्ह z वर, दोन्ही डावीकडेच. म गेला ] वर. मोबाइलवर शोधून, नोटपॅडमध्ये ही फाइल त्याच टिचकीच्या कीबोर्डने लिहिली:

```
Windows Registry Editor Version 5.00

[HKEY_LOCAL_MACHINE\SYSTEM\CurrentControlSet\Control\Keyboard Layout]
"Scancode Map"=hex:00,00,00,00,00,00,00,00,04,00,00,00,12,00,3a,00,20,00,2c,00,2e,00,1b,00,00,00,00,00
```

पहिले आठ बाइट रिकामे. मग 04, म्हणजे तीन बदल आणि शेवटची रिकामी नोंद. पुढे प्रत्येक बदलात आधी हवं ते बटण, मग दाबायचं ते: 12 म्हणजे e, 3a म्हणजे कॅप्स लॉक. क्रम उलटा वाटतो, आणि मी पहिल्यांदा उलटाच लिहिला होता. फाइलचं नाव .reg ने संपवलं, दोनदा क्लिक केलं, परवानगी दिली आणि पुन्हा रीस्टार्ट.

या वेळी पासवर्डमध्ये e च्या जागी कॅप्स लॉक दाबलं आणि d च्या जागी z. ठिपके उमटत गेले. दार उघडलं. मी एवढ्या मोठ्याने ओरडले की पलीकडच्या खोलीतून शिवी आली.

हा बदल भाषेच्या मांडणीच्याही खाली होतो, म्हणून इंग्रजीत e आणि मराठीत काना, दोन्ही एकाच बटणावर आले, शिफ्टसकट आ सुद्धा. z वर तसाच अ आला. पहिली दोन पानं बोटं सवयीने मेलेल्या e वरच जात होती. नंतर जमलं. प्रोजेक्ट वेळेत दिला.

आता खरं सांगायचं तर, माझी रूममेट तेव्हा झोपली होती आणि तिचा लॅपटॉप टेबलावर होता. इतकी वर्षं मी “दुसरा पर्यायच नव्हता” असं ठासून सांगत आले. होता. तिला उठवायचं, पेनड्राइव्ह लावायचा, मराठी कीबोर्ड सुरू करून घ्यायचा. तिचीही सकाळी तोंडी परीक्षा होती म्हणून उठवलं नाही, हे खरंच आहे. पण एकदा ती जाळी डोक्यात बसल्यावर मला ते सोडवूनच बघायचं होतं, हेही तितकंच खरं. यातलं जास्त खरं कुठलं, ते मला अजून ठरवता येत नाही.

आणि तुमचा तो यूएसबी कीबोर्ड! दुसऱ्या दिवशी एका मित्राने आणला. लावला, तर त्याचंही कॅप्स लॉक e छापायला लागलं आणि z दाबलं की d. Scancode Map सगळ्याच कीबोर्डांना लागू होतो. ती नोंद पुसून रीस्टार्ट करेपर्यंत मित्र बिचारा, नवा कीबोर्ड बिघडलाय म्हणून, तो दुकानात परत द्यायला निघाला होता.

दुरुस्तीवाल्याने नंतर चपटी केबल काढून पुसून बसवली, फरक पडला नाही. मीटर लावल्यावर एक रेघ तुटलेली निघाली. आमच्या मॉडेलचा कीबोर्ड वरच्या पत्र्याला रिवेटने ठोकलेला, म्हणून तो अख्खाच बदलावा लागला. नव्या कीबोर्डवर मी z आणि ] मोकळेच ठेवले. कॅप्स लॉकवर काना मात्र पुन्हा आणलाय. रूममेट अजून म्हणते, “उठवायचं होतंस गं.” आणि मी अजून तिच्याशी भांडते.