सातव्या पानावरचा मुद्दा

सांगली-तासगाव पट्ट्यातल्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजच्या मालकांसाठी एका सेन्सर कंपनीनं लिहिलेला व्हाइटपेपर माझ्याकडे तपासायला आला होता. दहा पानांचा मसुदा. दुसऱ्याच परिच्छेदात कंपनीच्या तापमानावर देखरेख ठेवणाऱ्या यंत्राचं नाव आणि पहिलं पान संपायच्या आत ‘आजच डेमो मागवा’.

मसुदा वाचताना प्रत्येक परिच्छेद काय सांगतो ते मी समासात एका वाक्यात लिहीत जातो. पहिल्या तीन पानांच्या समासात एकच वाक्य पुन्हा पुन्हा आलं: ‘आमचं यंत्र चांगलं आहे.’ मग इंटरनेट, ढगावरचा डेटा वगैरे. सातव्या पानावर मात्र एक छोटा तक्ता होता. एकाच खोलीत, एकाच वेळी, तीन ठिकाणचं तापमान: थंड हवेच्या झोतात ४ अंश, थप्पीच्या मध्यावर ६, छताजवळच्या पेट्यांवर ९. खोलीतला एकुलता एक तापमापक झोतातच लावलेला. म्हणजे मालकाला रोज ४ दिसतात आणि वरच्या थरातला बेदाणा हळूहळू काळपट होत राहतो. रंग गेला की सौद्यात भाव गेला. सगळा व्हाइटपेपर इथे होता!

मी फाइलमधून यंत्राचं नाव असलेली सगळी वाक्यं काढून पाहिली. पहिल्या तीन पानांत काहीच उरलं नाही. सातव्या पानाचा शब्दही हलला नाही.

लिहिणारा मुलगा फोनवर म्हणाला, “सर, मालक शेवटपर्यंत वाचत नाहीत, म्हणून नाव आधी घेतलं.”

“वाचत नाहीत हे खरंच. म्हणून तर तक्ता पहिल्या पानावर हवा. नाव मुखपृष्ठावर आहेच की.”

त्याला ते पटलं. तक्ता वर गेला, त्याखाली बेदाण्याच्या रंगाचं कारण. पुढे, कुठलीही देखरेख यंत्रणा घेताना काय बघावं: वेगवेगळ्या उंचीवर सेन्सर, वीज गेली तरी चालू राहणारी नोंद, फोनवर इशारा. या यादीत त्यानं ‘सात इंची टचस्क्रीन’ घुसवला होता, तो मी खोडला. बेदाण्याला स्क्रीनचं काय? असल्या एका अटीवरून वाचणारा ओळखतो की यादी यंत्र समोर ठेवून केलीय, आणि मग तक्त्यावरचाही त्याचा विश्वास उडतो. यंत्राची माहिती शेवटच्या पानावर, एवढीच.

एक गोष्ट मला खुपत होती. तक्त्यातली वेळ दुपारची, म्हणजे कदाचित माल चढवताना दार उघडं असेल. विचारलं तर तसंच निघालं. मी रात्री दार बंद असताना पुन्हा मोजायला सांगितलं. आकडे आले ४, ५ आणि ७. फरक कमी झाला, पण राहिला. मार्केटिंगवाल्यांना फक्त दुपारचे आकडे हवे होते. मी दोन्ही तक्ते शेजारी ठेवले, वेळ आणि दाराची स्थिती लिहून. ‘प्रत्येक कोल्ड स्टोरेजमध्ये’ काढून ‘या खोलीत’ केलं आणि मसुदा परत पाठवला.