मशीन म्हणे ई. कोलाय, प्लेट म्हणे शिगेला

पावसाळ्यात परळच्या आमच्या लॅबमध्ये जुलाबाचे नमुने वाढतात. त्यातच एका लहान मुलाचा नमुना आला. ताप होता आणि शौचात रक्त व आव पडत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅक्टोज साखर असलेल्या मॅकॉन्की प्लेटवर बिनरंगी कॉलनी दिसल्या. ई. कोलाय सहसा लॅक्टोज पचवतो, त्यामुळे त्याच्या कॉलनी गुलाबी होतात.

एक ताजी कॉलनी टूथपिकने उचलली आणि माल्डीच्या, म्हणजे प्रथिनांच्या वस्तुमानावरून जंतू ओळखणाऱ्या मशीनच्या, स्टीलच्या प्लेटवर एका गोलात पातळ पसरली. थर जाड झाला तर सिग्नल बिघडतो, म्हणून हे काम मी घाईत करत नाही. वर एक मायक्रोलिटर मॅट्रिक्स, म्हणजे लेसरची ऊर्जा शोषणारं द्रावण, टाकलं आणि ते वाळून बारीक स्फटिक होऊ दिले. मशीनमध्ये लेसर त्यावर पडतो, प्रथिनं विद्युतभारित होऊन नळीतून धावतात आणि हलकी आधी पोचतात. त्या वेळेवरून वस्तुमान कळतं. २,००० ते २०,००० डाल्टनच्या पट्ट्यात उमटणारी शिखरं बहुतेक रायबोसोमच्या प्रथिनांची असतात. मशीन ती डेटाबेसशी ताडून पाहतं.

काही मिनिटांत उत्तर आलं: ई. कोलाय. आमच्या मशीनवर २ किंवा त्याहून जास्त स्कोअर आला की प्रजातीपर्यंतची ओळख धरतात, आणि इथे तो २ च्या वर होता.

"मॅडम, स्कोअर तर चांगला आहे," मी म्हटलं.

"मग कॉलनी गुलाबी का नाही? टीएसआय लाव, मोटिलिटी बघ," मॅडम म्हणाल्या.

त्यांचं बरोबर होतं. हगवणीचा जंतू शिगेला जनुकांच्या दृष्टीने ई. कोलायच्याच कुळातला आहे. दोघांची रायबोसोमची प्रथिनं इतकी सारखी, की नेहमीच्या डेटाबेसला त्यांच्यातला फरक कळत नाही. स्कोअर कितीही वर गेला तरी या जोडीपुरता तो निकाल देत नाही. आणि ई. कोलाय तर निरोगी माणसाच्या आतड्यातही असतोच. तेवढंच वाचून 'रोगजंतू आढळला नाही' असं लिहिलं असतं, तर पोराची हगवण तशीच निसटली असती.

टीएसआयच्या नळीत जंतू कोणत्या साखरा पचवतो ते रंगावरून कळतं. रात्रभराने तिचा तळ पिवळा झाला, वरचा उतार लाल राहिला. वायूचे बुडबुडे नव्हते, काळा रंगही नव्हता. जंतू हलत नव्हता, लायसिनची चाचणी निगेटिव्ह होती. हे सगळं शिगेलाशी जुळत होतं. तरीही काही ई. कोलाय असेच वागतात, म्हणून शेवटी काचपट्टीवर अँटिसेरा, म्हणजे ठरावीक जंतूलाच चिकटणाऱ्या प्रतिपिंडांचे थेंब, लावले. शिगेला फ्लेक्सनेरीच्या थेंबात लगेच दाणे धरले. नुसत्या सलाइनच्या थेंबात काहीच झालं नाही. अँटिबायोटिकच्या चकत्यांची प्लेट आदल्या दिवशीच लावून ठेवली होती, कारण माल्डी नाव सांगतं, औषध कोणतं चालेल ते सांगत नाही. दोन्ही निकाल एकत्र वॉर्डला फोन करून कळवले.

लघवीच्या नमुन्यातली गुलाबी कॉलनी मशीनने ई. कोलाय म्हटली, तर ते नाव मी लगेच कळवते. शौचाच्या नमुन्यातल्या बिनरंगी कॉलनीला तेच नाव आलं, तर ती आधी टीएसआयच्या नळीत जाते.