ताग: वजनाचा घोळ सुटला, गाडायचा दिवस ठरला

मंडळी, गेल्या नोंदीत अडलेलं गाडं अखेर हललं. भातलावणीआधी हिरवळीचं खत म्हणून गाडायच्या तागातून भाताला नत्र किती मिळणार, या हिशेबाचा पाया म्हणजे सुक्या पाल्याचं वजन, आणि जूनच्या कोकणात पाला सुकतच नाही. चौरस मीटरची चौकट टाकून कापलेला ताग ओला 2 किलो 400 ग्रॅम भरला. त्याची जुडी पडवीत टांगली, तर वजन 590 ग्रॅमवर येऊन रेंगाळलं. पाऊस पडला की वाढायचं, उघडीप मिळाली की किंचित उतरायचं, आणि मधल्या पेरांवर बुरशी धरली. बुरशी पाला खाते, म्हणजे तो आकडा दोन्ही बाजूंनी खोटा.

शेवटी घरातला छोटा ओव्हन कामी आला. सर्वात कमी आच, दार बोटभर उघडं, पाला बारीक कापून पातळ पसरलेला. तासातासाने वजन करायचं आणि लागोपाठ दोन वजनं सारखी आली की थांबायचं. खरी मेख त्यानंतर आहे. ट्रे बाहेर काढून तसाच ठेवला तर पाला हवेतलं पाणी डोळ्यांदेखत ओढतो. म्हणून गरम असतानाच घट्ट झाकणाच्या डब्यात भरायचा, डब्यातच निववायचा आणि डब्यासकट तोलायचा. डब्याचं वजन वजा करून आकडा आला 480 ग्रॅम. पडवीतल्या वजनावर विसंबलो असतो तर नत्राची जमा जवळपास पावपट फुगली असती. काट्याबद्दल एवढंच म्हणेन की ग्रॅम दाखवणारा साधा स्वयंपाकघरातला काटा पुरतो. ओल्या जुडीला मात्र मोठा काटा लागतो.

दुसरी गोष्ट पान आणि खोड वेगळं करण्याची. यंदा तीन वेळांना पेरलेला ताग एकाच आठवड्यात कापून पाहिला आणि पान-खोडाचे नमुने वेगवेगळे तपासून घेतले. फुलावर येत असलेल्या तुकड्यात 190 ग्रॅम पान, 290 ग्रॅम खोड. पानात नत्र 4 टक्के, खोडात 1.2 टक्के. म्हणजे 7.6 अधिक 3.5, चौरस मीटरला 11.1 ग्रॅम. गुंठ्याला सुमारे 1.1 किलो.

शेंगा धरलेल्या, सर्वांत आधी पेरलेल्या तुकड्यात सुकं वजन तब्बल 690 ग्रॅम, पण पान उरलं 170 आणि खोड झालं 520. नत्र 10.7 ग्रॅम, म्हणजे वाढ शून्य. वाढला तो नुसता कर्ब. कर्ब-नत्र प्रमाण फुलावर साधारण 18, शेंगांवर 27. पंचविशीच्या पुढे गेलं की कुजवणारे जिवाणू आपल्या पोटासाठी जमिनीतलाच नत्र ओढतात. गेल्या वर्षी असाच जून झालेला ताग गाडलेल्या कुणग्यात लावणीनंतरचं भात पिवळं का पडलं, याचं उत्तर मला इथे मिळालं. पाच आठवड्यांचा कोवळा ताग झटकन कुजतो, पण त्यात नत्रच 8 ग्रॅमच्या आत. तेव्हा पहिली फुलं दिसली की गाडायचा, यावर माझं मन आता पक्कं आहे.

1.1 किलोतला सगळा नत्र पहिल्या भाताला मिळत नाही. निम्मा धरतो, 0.55 किलो. भाताला लागणारा हेक्टरी 100 किलो नत्र म्हणजे गुंठ्याला 1 किलो. उरले 0.45 किलो, म्हणजे साधारण 1 किलो युरिया. लावणीच्या वेळचा हप्ता वगळून तो फुटव्यांच्या वेळी आणि लोंबीचा गर्भ धरताना विभागून देणार.

निम्म्याचा हा अंदाज आपल्याकडच्या पावसात टिकतो का, याची शंका आहे. गाडून खाचर उघडं ठेवलं तर तयार झालेला नायट्रेट जांभ्याच्या जमिनीतून पाण्याबरोबर खाली जातो, आणि नंतर पाणी साचलं की उरलेला वायू होऊन उडतो. म्हणून गाडणी आणि चिखलणी एका दमात करायची आणि पाणी धरून ठेवायचं. फुलावरच्या तागाचं खोड थोडं राठ असतं, त्यामुळे आठवडाभर थांबून लावणी.

लिहिताना सुचलं: ताग न गाडलेल्या कुणग्यात चार छोटे वाफे आखतो. एकाला युरिया नाही, बाकीच्यांना गुंठ्याला 0.25, 0.5 आणि 0.75 किलो नत्राइतका. ताग गाडलेल्या कुणग्यातल्या एका पट्ट्याला वरून काही द्यायचं नाही. त्यातलं भात पानांच्या रंगाच्या तक्त्यावर आणि मळणीत ज्या वाफ्याशी जुळेल, तेवढी तागाची खरी जमा. त्यासाठी वाफ्यांच्या मधले बांध उंच हवेत, नाहीतर खत एका वाफ्यातून दुसऱ्यात वाहतं.

खालच्या कुणग्यात यंदा ताग पाण्यात उभा राहून पिवळा पडला. तिथे पुढच्या खेपेला धैंचा. तोही लावणीआधी फुलावर हवा, तर मेच्या मध्यात विहिरीच्या पाण्यावर पेरावा लागेल. पावसावर पेरलं तर जुलैच्या लावणीला तो गुडघाभरच असतो. बियाणं मात्र या वेळी ज्या दुकानातून घेतलं तिथून नको. निम्मं उगवलंच नाही. आधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे घालून उगवण बघेन, मगच पोतं उचलेन.