ठोकळा आधी की प्रेशर आधी? प्रेसच्या सेफ्टी व्हिडिओची स्क्रिप्ट लिहिताना

चाकणच्या एका कारखान्यासाठी हायड्रॉलिक प्रेसच्या लॉकआउटचा व्हिडिओ लिहायचं काम माझ्याकडे आलं. डायच्या, म्हणजे प्रेसमधल्या साच्याच्या, दुरुस्तीसाठी फिटरने आत हात घालण्याआधी मशीन कसं बंद करायचं आणि कुलूप कुठं लावायचं, एवढाच विषय. हातात एक पानाची कार्यपद्धती दिली होती: सगळ्यांना कळवा, मशीन बंद करा, मेन स्विच बंद करा, कुलूप आणि टॅग लावा, साठलेली ऊर्जा काढून टाका, खात्री करा.

हा क्रम बहुतेक ठिकाणी साधारण हाच असतो. ‘ओशा’ या अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षा संस्थेच्या १९१०.१४७ या नियमातही जवळपास असाच आहे. पण त्यातली पाचवी पायरी कॅमेऱ्यासमोर ठेवायची म्हटलं की अडतं. साठलेली ऊर्जा मोकळी करा, तोडा, अडवून धरा, असं तो नियम एका दमात सांगतो. कागदावर ते चालतं. व्हिडिओत मात्र एका वेळी एकच हात दिसतो, त्यामुळे आधी काय आणि मग काय हे ठरवावंच लागतं.

म्हणून मी मेंटेनन्सच्या फोरमनबरोबर प्रेसपाशी जाऊन उभी राहिले. रॅम, म्हणजे प्रेसचा वरून खाली येऊन दाबणारा भाग, वर होता, मोटर बंद होती, पंपाच्या लाइनवरचा गेज शून्य दाखवत होता.

“मॅडम, आता सांगा, हा रॅम कशावर उभा आहे?” त्यांनी विचारलं.

“तेलावर?”

“सिलिंडरमध्ये अडकलेल्या तेलावर. पंपाचा गेज शून्य आला म्हणून ते तेल कुठं जात नाही, व्हॉल्व्हने धरून ठेवलंय ते. तुम्ही ब्लीड व्हॉल्व्ह उघडलात की धरणारं कुणी उरत नाही.”

म्हणजे पानावरच्या शब्दाला धरून ‘ऊर्जा काढून टाका’ म्हणत आधी प्रेशर सोडलं, तर रॅम आणि वरच्या डायचं सगळं वजन खाली येणार. आधी रॅमखाली सेफ्टी ब्लॉक, म्हणजे तो जाड लोखंडी ठोकळा, उभा करायचा आणि मगच प्रेशर सोडायचं. ठोकळा मेन स्विचच्या कुलपाच्याही आधी का लावायचा नाही, हेही तिथंच कळलं. तो रॅम आणि डायचं नुसतं वजन पेलण्यासाठी बनवलेला असतो, प्रेसचा जोर पेलण्यासाठी नाही. ठोकळा आत असताना कुणी मशीन चालू केलं तर ठोकळाच निसटून उडू शकतो. त्या प्रेसवर ठोकळ्याला साखळीने एक प्लग जोडलेला होता. स्टँडवरून ठोकळा उचलला की प्लग निघतो आणि कंट्रोल सर्किट तुटतं. सोय चांगली आहे, पण कुलपाची जागा ती घेत नाही. इमर्जन्सी स्टॉपचं बटणही घेत नाही.

मग स्क्रिप्टमध्ये क्रम असा बसला: कळवणं, रॅम पूर्ण वर नेऊन मोटर बंद, मोड निवडायचा सिलेक्टर स्विच ‘ऑफ’ला, मेन स्विच बंद करून स्वतःचं कुलूप आणि टॅग, बाजूला उभं राहून हँडलने ठोकळा आत, सावकाश ब्लीड, आणि शेवटी स्टार्ट बटण दाबून चाचणी. काम डायमध्ये नसून मागच्या बाजूला असेल तर रॅम सरळ खाली टेकवून ठेवावा, म्हणजे वजनाचा प्रश्नच मिटतो. हे एका वाक्यात सांगून पुढं गेले, कारण व्हिडिओ डायच्या कामाचा होता.

कारखान्याकडून आलेल्या यादीत इशारे भरपूर होते. हातमोजे घाला, बूट घाला, फरशी निसरडी आहे, सावध राहा. मी त्यातले बहुतेक सुरुवातीच्या एका दृश्यात गोळा केले. दर वीस सेकंदांनी लाल चौकट आली की माणूस लाल चौकट बघणंच सोडून देतो. मधे फक्त अशाच जागी इशारा ठेवला जिथं चुकीला दुरुस्ती नाही, आणि तो कृतीच्या आधी ठेवला. हे सोपं वाटतं, पण शूटिंगमध्ये उलटं होतं: हात व्हॉल्व्हवर जातो आणि वरून आवाज येतो, “मात्र त्याआधी ठोकळा तपासा.” बघणाऱ्याच्या मनात तोवर व्हॉल्व्ह फिरलेला असतो. म्हणून डाव्या रकान्यात दृश्य आणि उजव्या रकान्यात आवाज लिहिताना इशाऱ्याच्या ओळीसमोर मी दर वेळी लिहिलं: ‘हात फ्रेमबाहेर.’

इशाऱ्याचं वाक्यही ठरावीक घडणीचं केलं. धोका काय, त्याने काय होईल, काय करायचं. “रॅम अजून तेलावर उभा आहे. ठोकळ्याशिवाय प्रेशर सोडलं तर तो खाली येईल. ठोकळा बसलाय हे बघा, मगच व्हॉल्व्ह उघडा.” यात ‘काळजी घ्या’ कुठंच नाही. काळजी घेणं म्हणजे नेमकं काय करणं, हे शॉपफ्लोअरवर कुणाला विचारून बघा.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते थांब्यांनी. कंपनीची कल्पना अशी की व्हिडिओ संपल्यावर दहा प्रश्न. मला प्रश्न मधेच हवे होते, जिथं फिटर खरोखर निर्णय घेतो तिथं. पहिला थांबा मोटर बंद झाल्यावर येतो. चित्र गोठतं: रॅम वर, गेज शून्य, मेन स्विच अजून चालू. प्रश्न: “आता डायमध्ये हात घालता येईल का?” पर्याय तीन: ‘हो, गेज शून्य आहे’, ‘हो, पण इमर्जन्सी स्टॉप दाबून’ आणि ‘नाही’. पहिले दोन पर्याय मी कल्पनेने रचले नव्हते, शिफ्टमध्ये लोक खरंच तसं म्हणताना ऐकले होते. चुकीचा पर्याय कुणाला तरी पटणारा नसेल तर प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. आणि उत्तर प्रश्नाच्या लगेच आधीच्या वाक्यात येऊन गेलं असेल तर ती फक्त कानांची परीक्षा होते. म्हणून गेजबद्दलचं सगळं स्पष्टीकरण मी थांब्याच्या नंतर नेलं.

दुसरा थांबा कुलपापाशी: मेन स्विचवर इलेक्ट्रिशियनचं कुलूप आधीच आहे, मग तुमचं लावायचं का? लावायचंच, एकाच स्विचला अनेक कुलपं लावता येतात त्या हॅस्पमध्ये, आणि किल्ली आपल्याच खिशात. इलेक्ट्रिशियनचं काम आधी संपलं तर तो स्वतःचं कुलूप काढून जाईल.

तिसरा थांबा चाचणीनंतर. स्टार्ट दाबलं, मशीन चालू झालं नाही. हात घालण्याआधी काय उरलं? सिलेक्टर चाचणीसाठी फिरवला असेल तर पुन्हा ‘ऑफ’ला आणणं. इथं अनुभवी माणसंही घुटमळली.

थांबा किती वेळाचा, यावर निर्मात्याशी वाद झाला. संगणकावर प्रश्न आला की व्हिडिओ आपोआप अडवता येतो. पण इथं तो ट्रेनिंग रूममधल्या टीव्हीवर पेन ड्राइव्हने चालणार होता आणि रिमोट कुणाच्या हातात असेल सांगता येत नव्हतं. शेवटी प्रश्नाची पाटी वीस सेकंद स्थिर ठेवली. पाटीवर ‘थांबवा’ची खूण, प्रश्न मराठीत आणि हिंदीत एकेकदा वाचलेला, उरलेला वेळ शांतता. ट्रेनरने व्हिडिओ थांबवला तर उत्तम. नाही थांबवला तरी विचार करायला काही सेकंद मिळतात. निर्मात्याला ती शांतता रिकामी वाटत होती, तिथं संगीत हवं होतं. मी ते काढायला लावलं.

मशीन पुन्हा चालू करण्याचा भाग मी यात घेतला नाही. हत्यारं मोजणं, गार्ड परत लावणं, ज्याचं कुलूप त्यानेच काढणं, ठोकळा कधी आणि कसा बाहेर काढायचा, या सगळ्याचा क्रम नुसता उलटा फिरवून मिळत नाही. त्यासाठी वेगळी स्क्रिप्ट लिहायची ठरली आहे, आणि तिची सुरुवातही फोरमनबरोबर प्रेसपाशीच होणार आहे.